मध्यम कर्मचाऱ्याचे शिफारसपत्र : खोटी स्तुती नको, कोरडा कागदही नको

आपल्या चळवळीत 'गुणवत्ता' या शब्दावर भरपूर चर्चा झाली आहे. गुणवत्ता कोण ठरवतो, कोणत्या मापाने ठरवतो, हे प्रश्न आपण विचारत आलो आहोत आणि ते विचारलेच पाहिजेत. पण या चर्चेत एक माणूस नेहमी सुटून जातो. तो म्हणजे मध्यम माणूस. जो टॉपर नाही आणि कामचुकारही नाही. जो वेळेवर येतो, दिलेले काम करतो, कधी चुकतो, सांगितले की दुरुस्त करतो आणि संध्याकाळी घरी जातो. कोणत्याही कचेरीत, दुकानात, कारखान्यात बहुसंख्य माणसे अशीच असतात. प्रस्थापित घरातील अशा मध्यम मुलाला नोकरी मिळताना कोणी त्याच्या असामान्यत्वाचा पुरावा मागत नाही. मामाचा फोन पुरतो. आपल्या मुलामुलींना मात्र साधी कारकुनाची नोकरी मागतानाही आपण असामान्य आहोत असे सिद्ध करावे लागते. मध्यम असूनही सन्मानाने नोकरी करण्याचा हक्क आपल्याला आहे की नाही, हा प्रश्न एका साध्या कागदापाशी येऊन थांबतो. तो कागद म्हणजे जुन्या मालकाचे शिफारसपत्र.

आम्ही तिघे मित्र मिळून मराठवाड्यातील एका जिल्ह्याच्या ठिकाणी हिशेबाचे छोटे कार्यालय चालवतो. लहान व्यापाऱ्यांची खाती टॅलीत लिहिणे, बँकेची जुळवणी करणे, जीएसटीची विवरणपत्रे भरणे हे आमचे काम. आमच्याकडे जून 2022 ते सप्टेंबर 2024 अशी दोन वर्षे चार महिने एक मुलगी लेखा सहायक म्हणून होती. आपल्याच वस्तीतली, बी.कॉम. झालेली. घरच्या अडचणीमुळे तिने काम सोडले होते. पुढे हार्डवेअरच्या एका घाऊक व्यापाऱ्याकडे तिने अर्ज केला आणि त्याने आधीच्या कार्यालयाचे पत्र मागितले. ती आली ती पत्र टाइप करूनच. म्हणाली, "दादा, तुम्ही फक्त सही करा."

ही पद्धत आपल्याकडे सर्रास आहे. मालकाला लिहायला वेळ नसतो, म्हणून उमेदवार स्वतःच मसुदा आणतो. त्यात गैर काही नाही. पण मसुदा काय होता ते पाहा. 'अत्यंत गतिमान व कर्तृत्ववान', 'नेतृत्वगुणांनी संपन्न', 'संस्थेला नव्या उंचीवर नेले', आणि शेवटी 'सर्व कर विवरणपत्रे स्वतंत्रपणे हाताळली'. कुठल्या तरी संकेतस्थळावरचा नमुना तिने उतरवून घेतला होता. त्यात तिला दोष देण्याचे कारण नाही. पत्र असेच असते, असेच तिला वाटत होते.

आमच्यातील एकाचे म्हणणे पडले की सही करून टाकू. आपल्याच समाजाची मुलगी आहे, बाकीचे लोक आपल्या माणसांसाठी याहून मोठे खोटे बोलतात. दुसऱ्याचे म्हणणे अगदी उलट. तो म्हणाला, तिचे काम बेताचेच होते, तारखा लिहून 'वर्तणूक समाधानकारक' एवढे देऊ आणि विषय संपवू. आम्हाला दोन्ही कागद चुकीचे वाटले. ते का, हे सविस्तर सांगितले पाहिजे, कारण उद्या तुमच्यापैकी अनेक जण कोणाचे तरी मालक, पर्यवेक्षक, टीम लीडर होणार आहेत आणि हाच प्रश्न तुमच्या टेबलावर येणार आहे.

आधी फुगवलेल्या पत्राचे बघू. 'सर्व कर विवरणपत्रे स्वतंत्रपणे हाताळली' हे वाक्य खरे नव्हते. आमच्याकडे ती खरेदीची बिले टॅलीत नोंदवायची, फाइली लावायची आणि जीएसटीआर-2बी मध्ये आलेल्या बिलांशी आपल्या नोंदी जुळतात का, याची पहिली यादी काढायची. विवरणपत्र भरायचे काम आमच्यापैकी एक जण करायचा. आता समजा नव्या मालकाने ते वाक्य वाचून तिला घेतले. मासिक विवरणपत्रे असतील तर दर महिन्याच्या 11 तारखेपर्यंत जीएसटीआर-1 आणि 20 तारखेपर्यंत जीएसटीआर-3बी भरावे लागते. पहिल्याच महिन्यात तो तिच्यापुढे ते काम ठेवणार आणि पहिल्याच महिन्यात ती उघडी पडणार. उशीर झाला तर विलंब शुल्क आणि व्याज त्याच्या खिशातून जाणार. मग ती नोकरी जाते, आमच्या सहीची किंमत जाते आणि त्याच व्यापाऱ्याकडे पुढच्या वर्षी अर्ज करणाऱ्या आपल्याच दुसऱ्या मुलाच्या पत्रावर तो विश्वास ठेवत नाही. खोट्या स्तुतीचे बिल असे तिसऱ्याच्या नावावर फाटते.

शिवाय अनुभवी मालक विशेषणे वाचतच नाही. 'गतिमान', 'कर्तृत्ववान' हे शब्द त्याने शंभर पत्रांत पाहिलेले असतात. तो शोधतो ते वेगळेच असते. ही व्यक्ती नेमके काय काम करत होती, किती काळ, आणि लिहिणाऱ्याने ते स्वतः पाहिले आहे का. हे पत्रात सापडले नाही की तो समजतो, लिहिण्यासारखे काही नव्हते.

आता कोरडा कागद. 'सदर कर्मचारी अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत कार्यरत होती. वर्तणूक समाधानकारक.' यात एक शब्दही खोटा नाही. तरीही हा कागद अन्यायकारक आहे. कारण वाचणारा फक्त लिहिलेले वाचत नाही, न लिहिलेलेही वाचतो. दोन वर्षांहून अधिक काम केलेल्या माणसाबद्दल जुन्या मालकाकडे दोनच ओळी असतील, तर काहीतरी बिनसले असणार, असाच अर्थ निघतो. मोठ्या कंपन्यांत सर्वांनाच असे तारखांचे प्रमाणपत्र द्यायचा नियम असतो. तिथे कोणाला काही वाटत नाही. पण जिथे बाकीच्यांना भरभरून पत्रे मिळतात आणि एकीलाच कोरडे मिळते, तिथे तो कोरडेपणा आरोपासारखा वाचला जातो.

यात भाषेचा आणखी एक सापळा आहे. 2003 साली फ्रान्सिस ट्रिक्स आणि कॅरोलिन सेन्का या दोन संशोधिकांनी अमेरिकेतील एका मोठ्या वैद्यकीय विद्यालयातील तीनशेहून अधिक शिफारसपत्रांचा अभ्यास प्रसिद्ध केला. स्त्री उमेदवारांची पत्रे सरासरीने आखूड होती आणि शंका पेरणारी वाक्ये त्यांत अधिक होती. पुरुषांच्या पत्रांत संशोधनावर, क्षमतेवर भर होता. स्त्रियांच्या पत्रांत कष्टाळूपणावर आणि शिकवण्यावर भर होता. लिहिणाऱ्यांनी ठरवून तसे केले असेल असे नाही. उमेदवाराकडे पाहण्याची सवय लेखणीत उतरली होती.

आता हे आपल्याकडे लावून पाहा. आपल्या मुलांबद्दल चांगले बोलायची वेळ आली की लोक कोणते शब्द वापरतात? 'मेहनती आहे', 'प्रामाणिक आहे', 'नम्र आहे', 'सांगितलेले ऐकतो'. हे शब्द वाईट नाहीत. पण पत्रात एवढेच असेल तर वाचणाऱ्याला चित्र दिसते ते आज्ञाधारक गड्याचे. त्याला टॅली येते का, जुळवणी येते का, याचा पत्ताच लागत नाही. म्हणून मध्यम कर्मचाऱ्याचे पत्र लिहिताना स्वभावाचे शब्द कमी आणि कामाचे शब्द जास्त असले पाहिजेत.

मग आम्ही पत्र नव्याने लिहिले. ते कसे, ते क्रमाने सांगतो.

पहिली गोष्ट, आम्ही तिच्याकडून नोकरीची जाहिरात मागवली. पत्र माणसाचे संपूर्ण मूल्यमापन करण्यासाठी नसते, ते एका विशिष्ट कामासाठी असते. त्या व्यापाऱ्याला हवे होते तीन प्रकारचे काम. खरेदी-विक्रीच्या बिलांची रोजची नोंद, पुरवठादारांच्या फाइली आणि महिन्याच्या शेवटी कर सल्लागाराला कागद पाठवणे. त्याची विवरणपत्रे बाहेरचा सल्लागार भरत होता. म्हणजे जे काम तिला नीट येत होते, तेच त्याला हवे होते. जे तिला जमत नव्हते, त्यातले बरेचसे त्याला नकोच होते.

दुसरी गोष्ट, आठवणीवर विसंबलो नाही. आठवण शेवटच्या महिन्याला चिकटते, आणि तिचा शेवटचा महिना घरच्या अडचणीमुळे वाईट गेला होता. म्हणून हजेरीपट काढला, टॅलीतील नोंदी पाहिल्या आणि आमची पडताळणीची वही काढली. आमच्याकडे दर शनिवारी दुसरा माणूस प्रत्येकाच्या शंभर नोंदी मूळ बिलाशी ताडून पाहतो. तिच्या शंभरात साधारण दोन-तीन चुका निघत. बिल क्रमांक चुकणे, जीएसटी क्रमांकातला एखादा आकडा इकडचा तिकडे होणे, अशा. कार्यालयातील इतरांच्याही तेवढ्याच निघत. वेग मात्र कमी. इतर जण दिवसाला नव्वदच्या आसपास नोंदी करत, ती सत्तरच्या आसपास. विवरणपत्राच्या तारखा जवळ आल्या की घाई व्हायची आणि चुका जवळपास दुप्पट व्हायच्या. बँक जुळवणीत फरक निघाला तर तो कुठून आला हे शोधताना तिला कोणीतरी शेजारी बसलेले लागायचे. हजेरी शेवटचा महिना सोडला तर उत्तम. आणि दोन वर्षे चार महिन्यांत एका ग्राहकाचा आकडा दुसऱ्या ग्राहकाला कळला, असे तिच्याकडून एकदाही झाले नाही. हिशेबाच्या धंद्यात ही शेवटची गोष्ट लहान नाही.

वही उघडल्यावर आमच्या दोन्ही मित्रांचे मत थोडे बदलले. जो 'बेताचे काम' म्हणत होता, त्याच्या लक्षात आले की अचूकतेत ती कोणाच्या मागे नव्हती. फोनवर ती कमी बोलायची, ग्राहकापुढे दबून असायची, त्यावरून त्याचे मत बनले होते. जो 'सही करू' म्हणत होता, त्याच्या लक्षात आले की खरेच सांगण्यासारखे पुरेसे आहे, खोट्याची गरजच नाही.

तिसरी गोष्ट, प्रत्येक विशेषणाला आम्ही विचारले, तुझा पुरावा काय? पुरावा होता तिथे विशेषण काढून पुरावाच लिहिला. पुरावा नव्हता तिथे विशेषण खोडले. 'नेतृत्वगुण' गेले. 'विश्वासू' याच्या जागी गोपनीयतेचे वाक्य आले.

चौथी आणि सर्वात अवघड गोष्ट, उणीव. ती लिहायची की नाही? आमचा नियम साधा आहे. जी उणीव नव्या कामाशी संबंधित आहे आणि जी लपवली तर वाचणाऱ्याची दिशाभूल होईल, ती लिहायची. बाकीची लिहायची नाही. ती ग्राहकांशी फोनवर कमी बोलायची, हे लिहिले नाही, कारण त्या नोकरीत फोनचे काम नव्हते. वेगाचे लिहिले, कारण रोजच्या नोंदी हेच मुख्य काम होते. आणि उणीव लिहिताना ती कोणत्या परिस्थितीत दिसते आणि कशाने भरून निघते, हेही लिहिले. 'वेग कमी आहे' एवढे म्हणणे म्हणजे शिक्का मारणे. किती वेग आहे हे सांगितले की मालक स्वतः ठरवू शकतो, आपल्याला तो पुरतो का.

शेवटी पत्र असे झाले :

"अर्जदार आमच्या कार्यालयात जून 2022 ते सप्टेंबर 2024 या काळात लेखा सहायक होत्या. त्यांचे काम आम्ही रोज जवळून पाहिले आहे. खरेदी बिलांची टॅलीत नोंद, बिलांच्या फाइली आणि जीएसटीआर-2बी शी नोंदींची प्राथमिक जुळवणी ही त्यांची कामे होती. विवरणपत्रे भरण्याची जबाबदारी त्यांच्याकडे नव्हती.

त्या दिवसाला सुमारे सत्तर नोंदी करत. आमच्या साप्ताहिक पडताळणीत त्यांची अचूकता इतर सहकाऱ्यांच्या बरोबरीची होती. मुदतीच्या दिवसांत एकदम जास्त काम आल्यास त्यांच्या नोंदी दुसऱ्याने पडताळणे उपयोगी ठरते. काम महिनाभर सारखे वाटून दिल्यास त्यांचे काम स्थिर राहते. बँक जुळवणीतील फरक शोधण्याचे काम त्या मार्गदर्शनाखाली करत होत्या.

त्यांनी लावलेल्या फाइलींतून कोणतेही बिल लगेच सापडत असे. ग्राहकांच्या माहितीबाबत त्यांनी पूर्ण गोपनीयता पाळली. कौटुंबिक कारणास्तव त्यांनी स्वतःहून काम सोडले. बिलांच्या नोंदी व दप्तर सांभाळण्याच्या कामासाठी आम्ही त्यांची शिफारस करतो. अधिक माहिती हवी असल्यास खालील क्रमांकावर संपर्क करावा."

हे पत्र तिला आधी दाखवले. 'सुमारे सत्तर' वाचून तिचा चेहरा उतरला. आम्ही विचारले, यात खोटे काय आहे? ती म्हणाली, "खोटं नाही, दादा, पण नोकरी जाईल." तेव्हा आम्ही तिच्यासोबत हिशेब मांडला. त्या दुकानात दिवसाला बिले किती येणार? तिने स्वतःच चौकशी करून आणले, गर्दीच्या दिवशीही पन्नासच्या आत. म्हणजे सत्तर पुरून उरत होते. 'कौटुंबिक कारणास्तव' हे शब्दही तिची परवानगी घेऊनच ठेवले. घरातली अडचण काय होती, हे कागदावर आणण्याचा अधिकार आम्हाला नाही.

पत्र दाखवणे हा उपकार नाही. जे तिच्या तोंडावर सांगता येत नाही ते तिच्या पाठीमागे लिहू नये, हा त्यामागचा विचार आहे. इंग्लंडमध्ये 1994 साली स्प्रिंग विरुद्ध गार्डियन अ‍ॅश्युरन्स या खटल्यात तिथल्या सर्वोच्च न्यायपीठाने, हाउस ऑफ लॉर्ड्सने, असा निर्णय दिला की निष्काळजीपणे लिहिलेल्या वाईट पत्रामुळे जुन्या कर्मचाऱ्याचे नुकसान झाले तर लिहिणारा मालक जबाबदार धरला जाऊ शकतो. तो निर्णय आपल्यावर बंधनकारक नाही, पण तत्त्व ध्यानात ठेवण्यासारखे आहे. आपल्याकडे बदनामीचा गुन्हा आता भारतीय न्याय संहितेच्या कलम 356 मध्ये आहे. स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या हितरक्षणासाठी सद्भावनेने केलेले विधान त्यात अपवाद मानले आहे. सद्भावना म्हणजे काळजी घेऊन, तपासून लिहिणे. हजेरीपट आणि पडताळणीची वही यासाठीच काढायची असते.

पत्र गेले आणि चार दिवसांनी त्या व्यापाऱ्याचा फोन आला. खरी परीक्षा इथे असते. कागदावर गोड लिहून फोनवर आवाज खाली करून 'बघा, तुम्हीच ठरवा' म्हणणारे मालक आम्ही पाहिले आहेत. त्यांच्या त्या एका वाक्याने पत्राची माती होते. म्हणून आमचा नियम असा की फोनवर पत्रापेक्षा वेगळे काही सांगायचे नाही. त्यांनी विचारले, "तुम्ही पुन्हा घ्याल का तिला?" आम्ही म्हणालो, "याच कामासाठी असेल तर हो. विवरणपत्रांची जबाबदारी द्यायची असेल तर आणखी एक वर्ष शिकवून मग." त्यांना हे उत्तर आवडलेले दिसले, कारण पुढचा प्रश्न पगाराचा होता.

आणि मग शेवटी, अगदी सहज, "बाकी घरचं काय? कुठले लोक आहेत हे?"

मित्रांनो, हा प्रश्न नवा नाही. 2007 साली सुरिंदर जोधका आणि कॅथरिन न्यूमन यांनी मोठ्या कंपन्यांच्या मनुष्यबळ अधिकाऱ्यांच्या मुलाखतींवर आधारलेला निबंध लिहिला. गुणवत्तेखेरीज आम्ही काही पाहत नाही, असे सांगणारे हे अधिकारी उमेदवाराची 'कौटुंबिक पार्श्वभूमी' मात्र आवर्जून विचारत होते. त्याच वर्षी सुखदेव थोरात आणि पॉल ॲटवेल यांचा अभ्यास आला. त्यात सारख्याच पात्रतेचे अर्ज वेगवेगळ्या जातींची ओळख सांगणाऱ्या नावांनी पाठवले होते. दलित नावाच्या अर्जाला बोलावणे येण्याची शक्यता कमी निघाली. तेव्हा 'कुठले लोक' या प्रश्नाला उत्तर देणे म्हणजे आपल्याच हाताने ती चाळणी पुढे करणे.

आम्ही एवढेच म्हणालो, "साहेब, त्यांच्या कामाबद्दल जे विचाराल ते सांगतो. घरचे आम्ही कोणाचेच सांगत नाही." आवाज चढवला नाही. 'कोणाचेच' हा शब्द महत्त्वाचा आहे. फक्त हिच्याबद्दल टाळले असते तर टाळण्यातूनच उत्तर गेले असते. आमच्याकडून गेलेल्या प्रत्येक माणसाबद्दल आमचे हेच उत्तर असते, मग तो कुठल्याही समाजाचा असो.

या पद्धतीलाही मर्यादा आहे. ज्याने पैशाची अफरातफर केली, ज्याने सहकारी स्त्रीला त्रास दिला, त्याला 'मध्यम' म्हणून झाकता येत नाही. तिथे शिफारस नाकारावी आणि नकार त्याला समोर सांगावा. ज्याचे काम आपण पाहिलेच नाही त्याला तारखांचे सेवा प्रमाणपत्र द्यावे आणि त्याला शिफारस म्हणू नये. सेवा प्रमाणपत्र हा कामगाराचा हक्क आहे. शिफारस ही लिहिणाऱ्याची साक्ष आहे. हक्काचा कागद अडवून ठेवता कामा नये आणि साक्ष खोटी देता कामा नये.

त्या व्यापाऱ्याने तिला घेतले. तीन महिने कच्ची नेमणूक होती, ती आता पक्की झाली आहे. ती तिथे असामान्य काही करत नाही. बिले नोंदवते, फाइली लावते, महिन्याच्या शेवटी सल्लागाराला कागद पाठवते आणि एक तारखेला पगार घेते. समतेची लढाई आपल्यातल्या मोजक्या हिऱ्यांसाठीच असती तर ती केव्हाच संपली असती. ती अशा हजारो मध्यम माणसांच्या एक तारखेच्या पगारासाठीही आहे. उद्या तुमच्या टेबलावर कोणी 'फक्त सही करा' म्हणून कागद ठेवला, तर सही करण्याआधी वही उघडा.